संचालकांची आचारसंहिता : सही एप्रिलमध्ये, परीक्षा वर्षभर

आजचा विषय ऐकायला थोडा कोरडा वाटेल. लिस्टेड कंपनीचे संचालक आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यासाठी आचारसंहिता असते. ती कुणी मोडली तर कंपनी नेमकं काय करते, काय करायला हवं, आणि कुठे चुकते, हे आज पाहायचं आहे. नियमांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा मी एकच प्रकरण घेणार आहे. ते बहुतेकांनी वर्तमानपत्रांत वाचलेलं आहे, पण त्यातला आचारसंहितेचा भाग बातम्यांच्या गर्दीत मागे पडला. आयसीआयसीआय बँक आणि तिच्या तेव्हाच्या एमडी व सीईओ चंदा कोचर यांचं हे प्रकरण.

आधी नियम काय म्हणतो ते थोडक्यात. सेबीचे २०१५ चे लिस्टिंग नियम आहेत. त्यातला नियम १७ सांगतो, की संचालक मंडळाने सर्व संचालकांसाठी आणि वरिष्ठ व्यवस्थापनासाठी आचारसंहिता ठरवावी. नियम २६ सांगतो, की या सगळ्यांनी दरवर्षी ती पाळल्याचं लेखी कळवावं. त्यावर सीईओ एक निवेदन सही करतो आणि ते वार्षिक अहवालात छापलं जातं. वरिष्ठ व्यवस्थापन म्हणजे कोण, तर ढोबळमानाने सीईओच्या खालची पहिली पायरी, विभागप्रमुख, कंपनी सेक्रेटरी आणि सीएफओ.

प्रत्यक्षात हे असं होतं. मार्च संपला, की कंपनी सेक्रेटरी प्रत्येक संचालकाला दोन कागद पाठवतो. एक असतो कंपनी कायद्याच्या कलम १८४ खालचा, ज्याला सगळे एमबीपी-१ म्हणतात. त्यात संचालकाने आपण कुठल्या कंपन्यांत संचालक आहोत, कुठे भागीदार आहोत, कुठे शेअर्स आहेत, हे लिहायचं असतं. दुसरा कागद आचारसंहितेचा. त्यात एकच वाक्य असतं : मी गेल्या वर्षभरात संहितेचं पालन केलं आहे. सही होते, कागद फाइलला लागतात, आणि पुढच्या एप्रिलपर्यंत विषय मिटतो.

आता या दोन कागदांमधला फरक नीट समजून घ्या, कारण आजचं सगळं प्रकरण या फटीत घडलेलं आहे. पहिला कागद रकाने भरायचा आहे. जे रकान्यात विचारलं तेवढंच सांगायचं. तुमच्या पतीच्या किंवा पत्नीच्या व्यवसायात दुसऱ्या कुणाचे पैसे आहेत, आणि तो दुसरा माणूस तुमच्या कंपनीचा ग्राहक आहे का, असा रकाना त्यात नाही. दुसरा कागद मात्र कुठलाही रकाना विचारत नाही. तो तत्त्व विचारतो. कंपनी कायद्याच्या कलम १६६ मध्ये हे तत्त्व अगदी रुंद शब्दांत आहे : कंपनीच्या हिताशी ज्याचा संघर्ष होतो, किंवा होऊ शकतो, असा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेल्या परिस्थितीत संचालकाने पडू नये. ‘होऊ शकतो’ आणि ‘अप्रत्यक्ष’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. एमबीपी-१ अगदी बरोबर भरूनही संहिता मोडलेली असू शकते.

आता प्रकरणाकडे येऊ. डिसेंबर २००८ मध्ये चंदा कोचर यांचे पती दीपक कोचर यांनी व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत यांच्याबरोबर न्यूपॉवर रिन्यूएबल्स ही कंपनी काढली. व्हिडिओकॉन म्हणजे औरंगाबादेतून वाढलेला, घराघरांत टीव्ही आणि वॉशिंग मशीनमुळे माहीत असलेला समूह. पुढे लवकरच धूत तिच्या संचालक पदावरून बाजूला झाले. १ मे २००९ ला चंदा कोचर बँकेच्या एमडी आणि सीईओ झाल्या. त्याच वर्षी बँकेने व्हिडिओकॉन समूहातल्या एका कंपनीला ३०० कोटींचं कर्ज दिलं. तपास यंत्रणांचं म्हणणं असं, की कर्जाची रक्कम गेल्यावर दुसऱ्याच दिवशी धूत यांच्या बाजूने ६४ कोटी रुपये न्यूपॉवरकडे आले. पुढे २०१२ मध्ये अनेक बँकांनी मिळून या समूहाला मोठं कर्ज दिलं. त्यात आयसीआयसीआयचा वाटा ३,२५० कोटी होता. नंतर व्हिडिओकॉनची कर्जं बुडीत खात्यात गेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. या व्यवहारांबद्दलचा फौजदारी खटला वेगळा आहे. कोचर दांपत्याने आरोप नाकारलेले आहेत. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांना अटक झाली, आणि ती अटक कायद्याला धरून नव्हती असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं. गुन्हा झाला की नाही हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे. आपला प्रश्न त्याहून लहान आणि कंपनीच्या आतला आहे : ज्या समूहाच्या प्रमुखाचा घरच्या व्यवसायाशी संबंध आला होता, त्या समूहाचं कर्ज समितीपुढे आलं तेव्हा सीईओने हा संबंध सांगून बाजूला व्हायला हवं होतं का?

मार्च २०१८ मध्ये वर्तमानपत्रात हे सगळं सविस्तर आलं. बँकेला हा विषय नवा नव्हता. एका गुंतवणूकदाराने २०१६ मध्येच लेखी तक्रार केली होती. आता मंडळाने काय केलं ते पाहा. मंडळाने निवेदन काढलं, की सीईओवर आमचा पूर्ण विश्वास आहे, आणि हितसंबंधांच्या संघर्षाच्या गोष्टीत तथ्य नाही. कारण काय दिलं? बँकेची कर्जमंजुरीची पद्धत आम्ही तपासली, ती भक्कम आहे. कर्ज एकट्या माणसाने नव्हे तर समितीने मंजूर केलं. सीईओ त्या समितीच्या अध्यक्षही नव्हत्या.

हे उत्तर कदाचित खरंही असेल. पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. कर्ज नियमाने मंजूर झालं का, असं कुणी विचारलं असतं तर ते लागू पडलं असतं. प्रश्न होता, समितीत बसलेल्या एका सदस्याने बाकीच्या सदस्यांना जे सांगायला हवं ते सांगितलं का. समिती कितीही मोठी असो, तिला जी माहिती दिलीच नाही तिच्यावर ती विचार करू शकत नाही. कंपन्यांमध्ये आचारसंहितेची तक्रार आली, की सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच आहे. तक्रार असते वागण्याबद्दल, आणि तपासला जातो व्यवहार. व्यवहाराचे कागद व्यवस्थित निघाले, की तक्रार बंद होते.

दुसरी चूक क्रमाची. मंडळ हे अशा तक्रारीत न्याय करणारं असतं. त्याने चौकशीआधीच निर्दोष म्हणून टाकलं, तर नंतर चौकशी नेमताना त्याला स्वतःचाच शब्द फिरवावा लागतो. इथे तसंच झालं. दोन महिन्यांनी, ३० मे २०१८ ला, एका निनावी जागल्याच्या तक्रारीवरून मंडळाने स्वतंत्र चौकशी जाहीर केली. ती सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्याकडे सोपवली गेली. मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे त्यांचं नाव महाराष्ट्राला परिचित आहे.

इथून पुढे मात्र मंडळाने बऱ्याच गोष्टी शिस्तीत केल्या, आणि त्या शिकण्यासारख्या आहेत. एक, चौकशी करणारा माणूस बाहेरचा होता. सीईओविरुद्धची तक्रार सीईओच्या हाताखालचा दक्षता विभाग किंवा एचआर तपासू शकत नाही, हे उघड आहे. म्हणूनच कंपनी कायदा आणि सेबीचे नियम म्हणतात, की गरज पडेल तेव्हा तक्रारदाराला थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षापर्यंत जाता आलं पाहिजे. दोन, चौकशीचा काळ ठरवलेला होता : १ एप्रिल २००९ ते ३१ मार्च २०१८. काळ ठरवला नाही, तर चौकशी एकाच वादग्रस्त व्यवहारापुरती आखडते आणि त्याच्या आधीचं वा नंतरचं वागणं दिसतच नाही. तीन, जून २०१८ मध्ये कोचर रजेवर गेल्या आणि संदीप बक्षी यांना सीओओ नेमून कारभार त्यांच्याकडे दिला गेला. ज्याची चौकशी चालू आहे, त्याच्याच हाताखालच्या लोकांचे जबाब घ्यायचे असतात. साहेब रोज समोरच्या केबिनमध्ये बसत असतील तर खरं कोण बोलेल?

मग ४ ऑक्टोबर २०१८ उजाडला. कोचर यांनी मुदतीआधी निवृत्त होण्याची विनंती केली आणि मंडळाने ती मान्य केली. बऱ्याच कंपन्यांमध्ये प्रकरण या टप्प्यावर संपतं. माणूस गेला, कंपनीची अब्रू वाचली, आता उकरून काय मिळणार, असा विचार होतो. वैयक्तिक कारणासाठी राजीनामा, असं शेअर बाजाराला कळवलं जातं, निरोप समारंभ होतो, आणि चौकशीचा अहवाल कधी पूर्णच होत नाही.

बँकेने त्या दिवशीच्या निवेदनात एक वाक्य घातलं. त्याचा अर्थ असा : या निवृत्तीचा चौकशीवर काही परिणाम होणार नाही, आणि काही लाभ चौकशीच्या निष्कर्षावर अवलंबून राहतील. माझ्या मते सगळ्या प्रकरणात मंडळाने केलेलं सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे हे एक वाक्य. माणसाला जाऊ दिलं, पण हिशेब उघडा ठेवला.

तो उघडा ठेवल्याने काय झालं ते ३० जानेवारी २०१९ ला दिसलं. अहवाल आला. त्यात म्हटलं, की कोचर यांनी बँकेची आचारसंहिता, हितसंबंधांच्या संघर्षाबद्दलची बँकेची चौकट आणि विश्वस्त म्हणून असलेली कर्तव्यं मोडली. आणि एक कारण दिलं, जे प्रत्येक कंपनी सेक्रेटरीने टेबलासमोर लावून ठेवावं असं आहे. बँकेची पद्धत पूर्णपणे संचालकांनी स्वतः माहिती देण्यावर आणि स्वतः बाजूला होण्यावर उभी होती, आणि वार्षिक माहिती देण्यातल्या हयगयीमुळे ती पद्धतच निष्प्रभ झाली, असं ते कारण होतं. मार्चमध्ये मंडळाने ज्या पद्धतीला भक्कम म्हटलं होतं, तिच्याबद्दल हा निष्कर्ष आहे. पद्धत भक्कम असेलही, पण तिच्या मुळाशी एका माणसाची एप्रिलमधली सही होती.

मंडळाने ठरवलं, की त्यांचं जाणं निवृत्ती न मानता सकारण बडतर्फी मानायची. म्हणजे ठपका ठेवून काढणं. या शब्दांमागे पैशाचा हिशेब असतो. जे लाभ अजून द्यायचे होते ते रद्द झाले : न दिलेला बोनस, पगारवाढ, न वापरलेले स्टॉक ऑप्शन, वैद्यकीय लाभ. शिवाय एप्रिल २००९ ते मार्च २०१८ या काळात दिलेला बोनस परत मागितला गेला. याला क्लॉबॅक म्हणतात. थांबवलेला पैसा कंपनीच्याच हातात असतो, त्यामुळे तो रद्द करणं तुलनेने सोपं. दिलेला पैसा परत घेणं अवघड, कारण तो मागायला करार लागतो, आणि पुष्कळदा न्यायालयही लागतं. कोचर यांनी या निर्णयावर दुःख आणि धक्का व्यक्त केला. बँकेतला कुठलाही कर्जनिर्णय एकट्याचा नसतो, आणि अहवालाची प्रत आपल्याला दिली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

प्रत न दिल्याचा मुद्दा हलका समजू नका. ज्याच्यावर ठपका ठेवायचा, त्याला आरोप नेमका काय आणि पुरावा काय हे कळलं पाहिजे आणि उत्तर द्यायची संधी मिळाली पाहिजे. जागल्याची ओळख झाकायची असेल तर तेवढा भाग वगळून प्रत देता येते. ज्या कंपन्या घाईत ही पायरी गाळतात, त्यांचा निर्णय बरोबर असूनही नंतर अडचणीत येऊ शकतो.

पुढे हा वाद न्यायालयात गेला. कोचर यांचा मुख्य प्रश्न साधा आणि टोकदार होता : माझी निवृत्ती तुम्ही ऑक्टोबरमध्ये मान्य केली, मग जानेवारीत नोकरीवर नसलेल्या माणसाला काढलं कसं? आणखी एक मुद्दा बँकांपुरता आहे. बँकेच्या एमडीला दूर करायला रिझर्व्ह बँकेची पूर्वमंजुरी लागते, आणि इथे मंजुरी मार्च २०१९ मध्ये, म्हणजे निर्णयानंतर आली. मार्च २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही याचिका ऐकण्याजोगी नाही म्हणून फेटाळली, कारण हा खासगी कराराचा वाद आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. मग दाव्यांच्या सुनावणीत नोव्हेंबर २०२२ ला उच्च न्यायालयाने बडतर्फी प्रथमदर्शनी वैध असल्याचं म्हटलं, आणि स्टॉक ऑप्शनमधून मिळालेल्या शेअर्सचे व्यवहार करू नयेत असं कोचर यांना सांगितलं. प्रथमदर्शनी हा शब्द लक्षात ठेवा. तो अंतरिम टप्प्यावरचा निष्कर्ष आहे, अंतिम निकाल नाही. ऑक्टोबरमधलं ते एक वाक्य नसतं, तर बँकेला न्यायालयात उभं राहायला किती जागा उरली असती, याचा तुम्हीच विचार करा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या मंडळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सीईओ स्टीव्ह ईस्टरब्रुक यांना काढलं. एका कर्मचारी स्त्रीशी त्यांचे परस्परसंमतीने संबंध होते आणि ते कंपनीच्या संहितेत बसत नव्हते. मंडळाने प्रकरण लवकर मिटवायचं ठरवलं आणि ठपका न ठेवता, कोट्यवधी डॉलर्सचं पॅकेज देऊन त्यांना मोकळं केलं. २०२० च्या जुलैमध्ये निनावी माहिती आली, की अशी आणखीही प्रकरणं आहेत. मग कंपनीने स्वतःच्याच सर्व्हरवरचे मेल पाहिले आणि पुरावा सापडला. फोनवरून पुसलेलं ऑफिसच्या मेलमध्ये शिल्लक होतं. पहिल्या चौकशीत ते कुणी पाहिलंच नव्हतं. कंपनीने त्यांच्यावर दावा लावला आणि डिसेंबर २०२१ मध्ये १० कोटी ५० लाख डॉलर्सहून अधिक किमतीची रोकड आणि शेअर्स परत मिळवले. हे शक्य झालं कारण त्यांच्या पॅकेजच्या अटींतही तरतूद होती, की ठपक्याचं कारण नंतर उघड झालं तर पैसा परत मागता येईल. दोन्ही प्रकरणं निराळी आहेत, पण कंपनीच्या हातात शेवटी उरला तो निरोपाच्या कागदातला मजकूर.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काही कुठल्या मंडळावर नाही. पण तुमच्यापैकी अनेकजण भागधारक आहेत. काहीजण अशा कंपन्यांत नोकरी करतात, आणि काही कंपनी सेक्रेटरीच्या परीक्षेला बसलेले असतील. संहिता खरोखर चालू आहे की कपाटात आहे, हे ओळखायच्या खुणा बाहेरूनही दिसतात.

आचारसंहिता कंपनीच्या वेबसाइटवर असावीच लागते. ती उघडा आणि तीन गोष्टी शोधा. हितसंबंधाच्या व्याख्येत नातेवाइकांचे व्यवसाय आणि त्यांचे भागीदार येतात का? माहिती फक्त वर्षातून एकदा द्यायची आहे, की संबंध निर्माण होईल तेव्हा लगेच? आणि खुद्द सीईओने संहिता मोडली तर तक्रार कुणाकडे जाईल, याचं नाव किंवा पद लिहिलेलं आहे का? पुष्कळ संहितांमध्ये लिहिलेलं असतं, की शंका असल्यास एमडींना विचारावं. मग एमडींनी कुणाला विचारावं?

कंपनीच्या आत असाल तर बैठकांची इतिवृत्तं अधिक बोलतात. पाच वर्षांच्या इतिवृत्तांत एकही संचालक एकाही विषयावर ‘माझा संबंध आहे, मी बाहेर थांबतो’ म्हणाला नसेल, आणि कंपनी मोठी असेल, तर एक तर तिथे सगळे संन्यासी आहेत किंवा कुणी सांगत नाही. दरवर्षीचे फॉर्म मागच्या वर्षीची नक्कल असतील, फक्त तारीख बदललेली असेल, तर तीही खूण आहे. चांगला कंपनी सेक्रेटरी इथे एक साधं काम करतो. विषयपत्रिका पाठवतानाच मोठ्या व्यवहारातल्या समोरच्या पक्षाचं आणि त्याच्या प्रवर्तकांचं नाव लिहितो, आणि प्रत्येक संचालकाला त्या नावांसंबंधी काही सांगायचं आहे का, हे त्या बैठकीपुरतं विचारतो. प्रश्न एप्रिलमध्ये मोघम विचारला तर उत्तर मोघम येतं. नाव घेऊन विचारला तर गप्प राहणंसुद्धा नोंदीवर येतं.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. सांगायचंच नाही असं ठरवलेल्या माणसाला कुठलाही फॉर्म बोलतं करत नाही. पण त्याला नाव घेऊन विचारलेलं असेल, तर नंतर ‘मला लक्षात आलं नाही’ असं म्हणता येत नाही, आणि चौकशीचं अर्धं काम तिथेच झालेलं असतं.

जून ते ऑगस्टच्या दरम्यान कंपन्यांचे वार्षिक अहवाल येतात. त्यात कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या भागाच्या शेवटी सीईओच्या सहीची ती एका वाक्याची घोषणा असते. यंदा तुमच्या कंपनीची ती जरूर वाचा, आणि मग वेबसाइटवरची संहिता शेजारी उघडून ठेवा. काही प्रश्न पडले तर भागधारकांच्या वार्षिक सभेत विचारायचा तुम्हाला हक्क आहे. एक शेअर असला तरी.